‘रेट चुकलाय’ म्हणजे नेमकं काय? जीएसटी बिलाच्या दुरुस्तीची मागणी कशी लिहावी

सांगलीत मसाले आणि पापड करणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी बघतो. ऑक्टोबर २०२५मध्ये पुण्याहून खोक्यांचा माल आला. बिल चुकलं होतं, म्हणून मी पार्टीच्या अकाउंटंटला व्हॉट्सॲपवर लिहिलं, “साहेब, बिलात रेट चुकलाय, ४,०९५ रुपये जास्त लागलेत, दुरुस्त करून द्या.” दोन दिवसांत क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, आली, बरोबर ४,०९५ रुपयांची, आणि ती साफ चुकीची होती.

दोष त्यांच्याइतकाच माझाही होता. आपल्या बाजारात ‘रेट’ म्हणजे मालाचा भाव आणि ‘रेट’ म्हणजे कराचा दरही. माझ्या एका शब्दात दोन्ही होते, त्यांनी एक अर्थ घेतला. तेव्हापासून दुरुस्तीची मागणी मी एका ठरलेल्या पद्धतीने लिहितो. ती पद्धत याच बिलावर दाखवतो.

बिलात काय होतं

बिल क्रमांक `PK/25-26/1187`, तारीख ६ ऑक्टोबर २०२५. त्यात तीन ओळी होत्या.

| ओळ | माल | नग | भाव (₹) | करपात्र रक्कम (₹) | कराचा दर | कर (₹) |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | पाच प्लाय खोके | १,५०० | २४.०० | ३६,००० | १२% | ४,३२० |
| २ | तीन प्लाय खोके | २,००० | ११.५० | २३,००० | ५% | १,१५० |
| ३ | बीओपीपी टेप | १४४ | ३५.०० | ५,०४० | १८% | ९०७.२० |

करपात्र रकमेची बेरीज ६४,०४०, कर ६,३७७.२०. वीस पैसे राउंड ऑफमध्ये गेले आणि बिल झालं ७०,४१७ रुपयांचं. विकणारा आणि घेणारा दोघेही महाराष्ट्रातले, त्यामुळे प्रत्येक कर निम्मा केंद्राचा सीजीएसटी आणि निम्मा राज्याचा एसजीएसटी.

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही वेगळ्या जातीच्या आहेत. पुठ्ठ्याच्या नालीदार खोक्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुसऱ्या ओळीत नवा दर लागला, पहिलीत जुनाच राहिला. म्हणजे त्यांच्या टॅलीत तीन प्लायच्या आयटमचा दर कुणीतरी बदलला होता, पाच प्लायचा बदलायचा राहून गेला होता. दुसऱ्या ओळीत कराचा दर बरोबर, पण भाव चुकीचा: आमच्या पीओत, म्हणजे खरेदी ऑर्डरमध्ये, १०.७५ होता, बिलात ११.५० लागला. तिसरी ओळ पूर्ण बरोबर.

बेरीज जुळली तरी नोट चुकीची कशी

पहिल्या ओळीत बरोबर कर ३६,०००वर ५ टक्के, म्हणजे १,८००. लावला ४,३२०. जादा कर २,५२०, करपात्र रकमेत फरक शून्य. दुसऱ्या ओळीत नगामागे ७५ पैसे जास्त, म्हणजे करपात्र रक्कम १,५००ने जास्त आणि तिच्यावरचा ५ टक्के कर ७५ रुपये. दोन्ही मिळून ४,०९५. मी कळवलेला आकडा इथवर अचूक होता.

पार्टीच्या अकाउंटंटने काय केलं, तर ‘रेट’ म्हणजे भाव धरला, ४,०९५ ही करासकट रक्कम मानली आणि तिला १.०५ने भागलं. आले ३,९००. त्यावर ५ टक्के कर १९५. क्रेडिट नोटेवर लिहिलं: ‘भावफरक ३,९००, सीजीएसटी ९७.५०, एसजीएसटी ९७.५०, एकूण ४,०९५’. पार्टी खात्यात पैशाला पैसा जुळला. लेजर जुळतंय म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी फाइल तिथेच बंद होते.

पण कर कमी व्हायला हवा होता २,५९५ रुपयांनी, झाला १९५ने. उरलेले २,४०० रुपये मालाच्या किमतीतून गेले. आमच्या खरेदीची किंमत खोटी कमी दिसली, आणि क्रेडिटमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीत, २,४०० असे राहिले, जे मुळात लागायलाच नको होते. त्यांनीही सरकारला तेवढा कर जास्तच भरला असता.

‘क्रेडिट मिळतंय ना, मग १२ काय आणि ५ काय’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्याकडे हे चालत नाही, कारण मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे पण पापडावर नाही. पापडाच्या खोक्यांवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो थेट खर्चात जातो. आणि मसाल्याच्या खोक्यांचं क्रेडिट मिळतं म्हटलं, तरी विक्रीवर कर ५ टक्के आणि खरेदीवर १२, म्हणजे क्रेडिट पोर्टलवर साचत राहतं आणि रोकड आपली अडकते.

मागणी लिहिण्याआधी: चूक खरंच चूक आहे का

दर बदलल्यानंतरच्या काही आठवड्यांत अनेकांनी बरोबर असलेल्या बिलांवरही दुरुस्ती मागितली. बिल २० सप्टेंबरचं, माल २० तारखेला आला, पैसे ऑक्टोबरमध्ये दिले, आणि मागणी काय, तर ‘आता दर ५ झालाय’. तिथे १२च बरोबर होता.

यासाठी केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ आहे. मालाचा पुरवठा, बिल आणि पैसे मिळणं अशा तीन तारखा बघायच्या. कलमाची भाषा क्लिष्ट आहे, पण सगळी उदाहरणं मांडून पाहिली की एक सोपा नियम हाती लागतो: तीनपैकी ज्या दोन गोष्टी दर बदलण्याच्या एकाच बाजूला पडतात, त्या बाजूचा दर. वरच्या उदाहरणात पुरवठा आणि बिल आधीचं, म्हणून जुना दर. आमच्या `1187` क्रमांकाच्या बिलात माल, बिल आणि पैसे तिन्ही २२ सप्टेंबरनंतरचे, म्हणून वादच नाही. आगाऊ पैसे दिले असतील तर मात्र तारखा कागदावर मांडून बघा आणि मगच लिहा.

भावाच्या चुकीसाठी पुरावा पीओ. फोनवर ठरलेला भाव असेल तर निदान व्हॉट्सॲपचा संदेश हवा. नगांच्या चुकीसाठी डिलिव्हरी चलन आणि आपली आवक नोंद, ज्यावर ड्रायव्हरची किंवा त्यांच्या माणसाची सही आहे. कराच्या दरासाठी एचएसएन, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, आधी तपासा. आमच्या बिलात खोक्यांचा एचएसएन ४८१९ बरोबर होता, म्हणून ‘एचएसएन बरोबर, दर चुकला’ असं ठामपणे लिहिता आलं. एचएसएनच चुकला असेल तर दराची चूक हा त्याचा परिणाम असतो, आणि मागणीत एचएसएनचा रकाना आधी यायला हवा.

रकान्याचं नाव बिलावर आहे तेच वापरा

टॅक्स इनव्हॉइसवर काय काय असलं पाहिजे हे जीएसटी नियमावलीच्या नियम ४६मध्ये दिलं आहे: दोघांची नावं, पत्ते आणि जीएसटीआयएन म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख, एचएसएन, मालाचं वर्णन, नग आणि एकक, एकूण किंमत, सवलत वजा जाता करपात्र रक्कम, कराचा दर, कराची रक्कम, दुसऱ्या राज्यात विक्री असेल तर पुरवठ्याचं ठिकाण, आणि आणखी काही. मागणी लिहिताना हेच शब्द घ्यायचे. ‘अमाउंट चुकलीय’ असं लिहिलं तर समोरचा विचारणार, कोणती? करपात्र रक्कम, कराची रक्कम की बिलाची एकूण रक्कम? तिन्ही अमाउंटच आहेत.

मी ‘रेट’ हा शब्द मागणीतून पूर्ण काढून टाकला. आता लिहितो ‘प्रति नग भाव’ आणि ‘जीएसटीचा दर’. ‘डिस्काउंट’सुद्धा असाच फसवा आहे. बिलातच दाखवलेली सवलत करपात्र रकमेतून वजा होते. वर्षाअखेरीची स्कीम वेगळी, तिचे नियम वेगळे. म्हणून ‘बिलातील सवलत ३% ऐवजी ५% हवी’ असं पूर्ण वाक्य.

दुसरी शिस्त म्हणजे प्रत्येक ओळीसाठी ‘बिलात आहे’ आणि ‘हवं होतं’ हे दोन्ही आकडे देणं. नुसता फरक देऊ नका. ४,०९५चं काय झालं ते वर पाहिलंच. सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे लिहा, कारण क्रेडिट नोट भरताना त्याला ते वेगळेच लागणार आहेत.

तिसरी गोष्ट मला उशिरा सुचली: जे बरोबर आहे तेही लिहायचं. ‘तिसरी ओळ बरोबर आहे’ हे न लिहिल्यामुळे एकदा एका पार्टीने सगळ्या ओळींना ५ टक्के लावून नवं बिल पाठवलं होतं, टेपलासुद्धा.

तो मेल

१३ ऑक्टोबरला मी जो मेल पाठवला, तो जवळपास असा होता.

> विषय: बिल `PK/25-26/1187`, ६ ऑक्टोबर २०२५: ओळ १चा जीएसटी दर व ओळ २चा प्रति नग भाव दुरुस्त करणे, क्रेडिट नोट `CN/25-26/96` रद्द करणे
>
> नमस्कार साहेब,
>
> वरील बिलात दोन ओळींत चूक आहे. ८ तारखेच्या माझ्या संदेशात ‘रेट’ असं मोघम लिहिलं गेलं, त्याबद्दल क्षमस्व. तपशील असा:
>
> ओळ १, पाच प्लाय खोके, एचएसएन ४८१९. नग, भाव आणि करपात्र रक्कम (₹३६,०००) बरोबर आहे. फक्त जीएसटीचा दर चुकला आहे. बिलात १२% (सीजीएसटी ₹२,१६०, एसजीएसटी ₹२,१६०). हवा होता ५% (सीजीएसटी ₹९००, एसजीएसटी ₹९००). फरक: करपात्र रक्कम ₹०, सीजीएसटी ₹१,२६०, एसजीएसटी ₹१,२६०. कारण: २२ सप्टेंबर २०२५पासून दर ५% आहे, पुरवठा आणि बिल दोन्ही त्यानंतरचे.
>
> ओळ २, तीन प्लाय खोके, एचएसएन ४८१९. नग आणि जीएसटीचा दर (५%) बरोबर आहे. प्रति नग भाव चुकला आहे. बिलात ₹११.५०, पीओप्रमाणे ₹१०.७५. करपात्र रक्कम बिलात ₹२३,०००, हवी होती ₹२१,५००. फरक: करपात्र रक्कम ₹१,५००, सीजीएसटी ₹३७.५०, एसजीएसटी ₹३७.५०. पीओ सोबत जोडला आहे.
>
> ओळ ३, टेप. बरोबर आहे. बदल नको.
>
> एकूण फरक: करपात्र रक्कम ₹१,५००, सीजीएसटी ₹१,२९७.५०, एसजीएसटी ₹१,२९७.५०, मिळून ₹४,०९५. बिलाची एकूण रक्कम ₹७०,४१७ ऐवजी ₹६६,३२२ व्हायला हवी.
>
> आपली क्रेडिट नोट `CN/25-26/96` (करपात्र ₹३,९००, कर ₹१९५) या फरकाशी जुळत नाही. बेरीज सारखी असली तरी विभागणी वेगळी आहे. ती रिटर्नमध्ये जाण्याआधी रद्द करावी.
>
> या बिलाचं क्रेडिट आम्ही अजून घेतलेलं नाही. आपली क्रेडिट नोट आल्यावर तेवढ्या कराचं क्रेडिट आम्ही घेणार नाही किंवा घेतलं असल्यास उलटवू.
>
> पाच प्लायच्या आयटमला आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जुना दर राहिला असावा. पुढच्या बिलाआधी कृपया बदलून घ्यावा.

क्रेडिट उलटवण्याचं वाक्य सौजन्याखातर घातलेलं नाही. क्रेडिट नोट दिल्यावर विकणाऱ्याला स्वतःचा कर कमी करायचा असतो, आणि घेणाऱ्याने क्रेडिट उलटवलं नाही तर तो अडचणीत येतो. जीएसटीची क्रेडिट नोट द्यायला पार्ट्या टाळाटाळ करतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच धास्ती असते. तुम्ही आधीच लिहून दिलंत तर त्यांचा सीए लगेच तयार होतो.

उपाय आपण सुचवायचा का?

फरक काय हे आपण सांगायचं, तो कोणत्या कागदाने दुरुस्त करायचा हे त्यांनी ठरवायचं. नुसत्या कराच्या फरकाची, करपात्र रक्कम शून्य असलेली क्रेडिट नोट काही जण काढतात. काही सीए त्याऐवजी चुकलेली ओळ पूर्ण उलटवून बरोबर दराने नवं बिल काढायला सांगतात. आमच्या पार्टीने दुसरा रस्ता घेतला. तुम्ही एकाच रस्त्याचा आग्रह धरलात तर मेल आठवडाभर त्यांच्या सीएकडे पडून राहतो.

पण दोन गोष्टींना ठाम नकार द्या. एक म्हणजे ‘तुम्हीच डेबिट नोट पाठवा, आम्ही ॲडजस्ट करतो’. घेणारा आपल्या वहीत डेबिट नोट घालतो, तो फक्त त्याच्या खात्याचा कागद असतो. कर कमी करणारी क्रेडिट नोट कलम ३४प्रमाणे विकणाऱ्यानेच काढायची असते आणि ती त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१मध्ये, जावी लागते. आपली डेबिट नोट पोर्टलवर कुठेच उमटत नाही, म्हणून सरकारच्या नोंदीत जादा कर तसाच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे पेनाने खोडून सही केलेलं बिल. ते आपल्या फाइलमध्ये बरोबर दिसतं, पण पोर्टलवर मूळ चूकच गेलेली असते.

आणि स्वतःहून ४,०९५ कापून पेमेंट करू नका. क्रेडिट नोट नसेल तर त्यांच्या खात्यात ती रक्कम येणे बाकी दिसत राहते, आणि सहा महिन्यांनी त्यांचा वसुलीवाला फोन करतो तेव्हा ही गोष्ट आठवणारं कुणी नसतं.

कधी पाठवायची, यावर रस्ता ठरतो

मासिक रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं, आणि १४ तारखेला आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, तयार होते. ११च्या आत मागणी पोचली तर चूक पोर्टलवर जाण्याआधीच थांबवता येते. जीएसटीआर-१ गेलं असेल पण कर भरण्याचं रिटर्न जीएसटीआर-३बी भरायचं असेल तर त्याच महिन्यासाठी जीएसटीआर-१ए उघडतं, तिथे दुरुस्ती होते. तेही गेलं तर पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१मध्ये दुरुस्तीचा तक्ता किंवा क्रेडिट नोट. म्हणून मेलमध्ये ‘आपलं ऑक्टोबरचं रिटर्न गेलं आहे का’ असा एक प्रश्न टाकायला हरकत नाही. उत्तर आलं की पुढची सगळी दिशा कळते. तिमाही रिटर्नवाल्या छोट्या पार्टीच्या तारखा वेगळ्या असतात, तेवढं विचारून घ्या.

पार्टी ई-इनव्हॉइसमध्ये असेल, म्हणजे तिची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, तर खरी घाई पहिल्या दिवशी. आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसला पोर्टलवर मिळणारा क्रमांक, निघाल्यापासून २४ तासांच्या आत बिल पोर्टलवर रद्द होतं, त्यानंतर नाही. रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ‘त्याच नंबरचं दुरुस्त बिल द्या’ ही मागणी त्यांना करूच नका, ती पूर्ण करता येत नाही. माल उतरवतानाच बिल पीओशी ताडून बघायची सवय आमच्या गोदामाला लागली ती या २४ तासांमुळे. आधी बिलं शनिवारी एकदम माझ्या टेबलावर येत.

बाहेरची सीमा दूर आहे. २०२५-२६च्या बिलाची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२६पर्यंतच्या रिटर्नमध्ये दाखवता येते, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. पण वर्षभराने पाच प्लायची आठवण कुणाला राहते?

जीएसटीआयएन आणि राज्य चुकलं तर

ही वेगळीच जात आहे, आणि इथे आकड्यांच्या तक्त्याचा उपयोग नाही. समजा एका फर्मची सांगली आणि बेळगाव अशा दोन नोंदण्या आहेत. पॅन एकच, त्यामुळे जीएसटीआयएनमधली मधली दहा अक्षरं सारखी. सुरुवातीला महाराष्ट्रासाठी २७, कर्नाटकासाठी २९. माल सांगलीला उतरला आणि बिल बेळगावच्या नंबरवर गेलं. नंबरबरोबर करही बदलतो: पुण्याच्या पार्टीने सीजीएसटी आणि एसजीएसटीऐवजी दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लावला असणार. करपात्र रक्कम तीच, एकूण करही तेवढाच, म्हणून बिलाची बेरीज काहीच सांगत नाही. सांगलीच्या २बीमध्ये बिल दिसत नाही, तेव्हा चूक कळते.

अशा मागणीत तीन रकाने एकत्र लिहावे लागतात: घेणाऱ्याचा जीएसटीआयएन, पुरवठ्याचं ठिकाण आणि कराचा प्रकार. प्रत्येकाचं ‘बिलात आहे’ आणि ‘हवं होतं’. पंधराच्या पंधरा अक्षरं टाइप करा, ‘शेवटचे अंक बघा’ असं लिहू नका, आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा. एक बारकावा लक्षात ठेवा: जीएसटीआर-१एमध्ये बाकी बरंच बदलता येतं, पण घेणाऱ्याचा जीएसटीआयएन बदलता येत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१मध्येच दुरुस्त होतो. म्हणजे या चुकीला एक महिना तरी लागणार, आणि तोवर ते क्रेडिट धरून पैशांचं नियोजन करू नये.

आलेला कागद पुन्हा ताडून बघा

आमच्या पार्टीकडे ई-इनव्हॉइस नव्हतं आणि ऑक्टोबरचं रिटर्नही जायचं होतं, त्यामुळे ती जुनी क्रेडिट नोट त्यांनी रद्द केली. १७ ऑक्टोबरला दोन कागद आले. पहिला, नवी क्रेडिट नोट: पाच प्लायची ओळ पूर्ण उलटी, ३६,०००वर १२ टक्क्यांनी ४,३२०, आणि तीन प्लायचा भावफरक १,५००वर ५ टक्क्यांनी ७५. मिळून ४१,८९५. दुसरा, पाच प्लायचं नवं बिल: ३६,००० अधिक ५ टक्के कर १,८००, म्हणजे ३७,८००. वजाबाकी ४,०९५, आणि या वेळी आतली विभागणीही जुळली: करपात्र १,५००, कर २,५९५.

इथे घाई करू नका. क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख आहे का बघा. दोन दरांच्या दोन ओळी वेगळ्या आहेत का बघा. दोन्ही एकत्र करून एकच दर लावलेला असेल तर पुन्हा तोच घोळ. मग १४ नोव्हेंबरनंतर २बीमध्ये तिन्ही कागद शोधा: मूळ बिल, क्रेडिट नोट आणि नवं बिल. क्रेडिट नोट आली आणि नवं बिल राहिलं तर आपलं १,८०० रुपयांचं क्रेडिट गेलं. पोर्टलवर आलेले कागद स्वीकारायची किंवा नाकारायची जी आयएमएस सोय आहे, तिथे क्रेडिट नोट स्वीकारताना हे तीनही कागद समोर असू द्या. आणि पापडाच्या वाट्याचं क्रेडिट आम्ही घेतलेलंच नसतं, म्हणून जेवढं घेतलं तेवढंच उलटवायचं, याची नोंद मी बिलाच्या फाइलमध्येच करून ठेवतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुढचा माल आला. पाच प्लायवर ५ टक्के, अगदी बरोबर. तीन प्लायचा भाव पुन्हा ११.५०. मेल काढून पाहिला, तर त्यात त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या कराच्या दराबद्दल लिहिलं होतं, भावाबद्दल एक अक्षर नव्हतं.